देवदत्ताला मोदक, मारीला पोल

फ्रेंच शिकायला लागून थोडे दिवस झाले, साधी वाक्यं जमायला लागली, की एक वाक्य ठरल्यासारखं चुकतं. पॅरिसला गेलेल्या मैत्रिणीला निरोप पाठवायचा असतो: तुझी फार आठवण येते. विद्यार्थ्याच्या डोक्यात आधी इंग्रजी उभं राहतं, ‘आय मिस यू’. मग तो शब्दाला शब्द लावतो. ‘आय’ला ‘ज’, ‘यू’ला ‘त’, ‘मिस’ला ‘मांक’. फ्रेंचमध्ये सर्वनाम क्रियापदाच्या आधी येतं हेही तो विसरत नाही आणि लिहितो, ‘ज त मांक’. व्याकरणाच्या दृष्टीने वाक्यात काहीही खोट नाही. म्हणूनच ती चूक पटकन हाती लागत नाही. मैत्रिणीला मात्र ते वाचून कळतं ते असं: तुला माझी आठवण येते. स्वतःची तळमळ सांगायला गेलेला मुलगा तिच्याच तळमळीबद्दल तिला माहिती देऊन बसतो. हवं होतं ते ‘त्यू म मांक’.

‘मांके’ हे मूळ क्रियापद. त्याच्याच पंगतीला ‘प्लेर’ बसतं. ‘त्यू म प्ले’ म्हणजे तू मला आवडतोस, आणि ‘ज त प्ले’ म्हणजे मी तुला आवडतो. आपल्याकडे फ्रेंच शिकवतात ती बहुतेक इंग्रजीतून. त्या पुस्तकांत ही दोन क्रियापदं वेगळ्या चौकटीत, धोक्याची पाटी लावून येतात: सावध राहा, इथे कर्ता आणि कर्म उलटे होतात.

उलटे, पण कोणाच्या मानाने? ‘त्यू म प्ले’ हे वाक्य मराठीवर ठेवून पाहा. ‘त्यू’ म्हणजे तू, ‘म’ म्हणजे मला, ‘प्ले’ म्हणजे आवडतोस. तू मला आवडतोस. एकही शब्द जागचा हलवावा लागला नाही. क्रियापद कोणाच्या तालावर चालतं तेही सारखंच आहे. मला आंबा आवडतो, चिंच आवडते, बोरं आवडतात. क्रियापदाचं रूप आंबा, चिंच, बोरं ठरवतात, ‘मला’ नव्हे. फ्रेंचमध्येही एक वस्तू असेल तर ‘प्ले’, आणि फुलं म्हणजे ‘ले फ्लर’ आवडली तर ‘ले फ्लर म प्लेझ’. ज्याला आवडतं तो माणूस दोन्हीकडे बाजूला उभा असतो. मराठीत ‘ला’ लावून, फ्रेंचमध्ये नामाआधी ‘आ’ लावून किंवा ‘म’, ‘त’, ‘ल्वी’ अशा सर्वनामाच्या रूपात.

‘मांके’चं मराठी करताना आपण ‘आठवण येणे’ वापरतो आणि तिथे घोटाळा होतो, कारण ‘मला तुझी आठवण येते’ या वाक्यात ‘आठवण’ हीच कर्त्याच्या जागी जाऊन बसते आणि ‘तू’ षष्ठीत ढकलला जातो. त्याऐवजी ‘आठवणे’ घ्यावं. मला तू आठवतोस: त्यू म मांक. तुला मी आठवतो का, हा प्रश्न फ्रेंचमध्ये ‘एस्क ज त मांक’ असा होतो. अर्थ तंतोतंत तोच नाही, ‘मांके’चा गाभा स्मरणापेक्षा उणिवेचा आहे. पण वाक्याचा सांगाडा जुळतो, आणि इथे गरज सांगाड्याचीच आहे.

हा सांगाडा किती भार पेलतो ते एका जोडीवर पाहू. पोल आणि मारी अशी दोन माणसं घ्या. पोल परगावी गेलाय, मारी घरी आहे आणि तिला त्याची उणीव भासते. मारीला पोल आठवतो: ‘पोल मांक आ मारी’. ‘ला’च्या जागी ‘आ’, एवढाच फरक, आणि तोही नामाच्या मागून पुढे आलेला. आता प्रश्न विचारू. मारीला कोण आठवतं? ‘कि मांक आ मारी’. पोल कोणाला आठवतो? ‘आ कि मांक पोल’. मराठीत ‘कोण’ आणि ‘कोणाला’, फ्रेंचमध्ये ‘कि’ आणि ‘आ कि’. इंग्रजीच्या आधाराने हे प्रश्न करायला बसलेली मुलं हमखास अडखळतात, कारण इंग्रजीत मारी हीच कर्ता असते आणि ‘कि’ तिच्यासाठी खर्ची पडतो.

संबंधी वाक्यात तर हा फायदा आणखी ठळक दिसतो. ‘मला आठवतं ते शहर’ हे फ्रेंचमध्ये ‘ला व्हिल कि म मांक’. मराठीत ‘जे शहर मला आठवतं’ म्हणताना आपण ‘जे’ म्हणतो, ‘ज्याला’ म्हणत नाही. शहर कर्त्याच्या रूपात आहे म्हणून फ्रेंचमध्येही कर्त्याचा ‘कि’. इंग्रजीवरून येणारा विद्यार्थी ‘ला व्हिल क ज मांक’ लिहितो. त्याचा अर्थ लागलाच तर असा लागतो, की माझा नेम त्या शहरावरून हुकतो. उलट ‘ज्याला पोल आठवतो तो माणूस’ हे ‘ला पेर्सोन आ कि पोल मांक’. ‘ज्याला’ दिसलं की ‘आ कि’, ‘जो-जी-जे’ दिसलं की ‘कि’. ही खूण मराठी मुलाला कोणी सांगत नाही, याचं मला खरोखर आश्चर्य वाटतं.

पाणिनीने या प्रकारच्या क्रियापदांसाठी संस्कृतात स्वतंत्र सूत्र केलं आहे. अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायातल्या चौथ्या पादात, कारकं सांगताना, तो म्हणतो की रुचण्याच्या अर्थाच्या धातूंबरोबर ज्याला रुचतं त्याला संप्रदान म्हणावं. म्हणजे त्याला चतुर्थी. टीकाकारांचं ठरलेलं उदाहरण देवदत्त आणि मोदकाचं आहे. देवदत्ताला मोदक रुचतो. काशिका या टीकेत याची उकल मोठी मार्मिक केली आहे. इच्छा देवदत्ताच्या ठायी आहे, पण तिचा कर्ता मोदक. इच्छा राहते एकीकडे, ती उत्पन्न करतो दुसरा. फ्रेंच ‘प्लेर’चं याहून नेमकं स्पष्टीकरण मी फ्रेंच व्याकरणाच्या पुस्तकांतही वाचलेलं नाही. मराठीचं ‘रुचणे’ याच धातूचं, आणि सोबत आवडणे, पटणे, सुचणे, जमणे, कळणे, भावणे, पुरणे असा मोठा गोतावळा. कॉलिन मॅसिका या भाषाशास्त्रज्ञाने 1976 साली दक्षिण आशियाच्या भाषांची समान लक्षणं तपासली, तेव्हा अनुभव घेणाऱ्याला चतुर्थीत ठेवण्याची ही सवय त्यांतलं एक लक्षण म्हणून पुढे आली. संस्कृतोद्भव असो वा द्राविडी, आपल्याकडच्या भाषा यात एका बाजूला आहेत.

मजा अशी की इंग्रजीही एकेकाळी त्याच बाजूला होती. जुन्या इंग्रजीत ‘लाइक’चा पूर्वज असलेल्या क्रियापदाचा अर्थ ‘आवडून घेणे’ नव्हता, ‘रुचणे’ होता. ओटो येस्पर्सन या डॅनिश भाषातज्ज्ञाने ते क्रियापद कसं उलटलं ते राजा आणि नासपती यांच्या एका वाक्यावर दाखवलं आहे. पहिल्या पायरीवर राजाला चतुर्थीचा प्रत्यय आहे आणि क्रियापद अनेकवचनी नासपतींशी जुळतं: राजाला नासपती आवडल्या. मग इंग्रजीतले विभक्तिप्रत्यय झिजले. राजाचा ‘ला’ गेला, पण क्रियापद अजून अनेकवचनी राहिलं, म्हणून कर्ता नासपतीच हे जाणकाराला कळायचं. पुढे क्रियापदाचाही अनेकवचनी प्रत्यय गळाला. आता वाक्यात राजा आधी, क्रियापद मध्ये, नासपती शेवटी. इंग्रजीत तोवर आधी येईल तो कर्ता असा दंडक बसत चालला होता, त्यामुळे नव्या पिढीने राजालाच कर्ता मानलं. राजाच्या जागी सर्वनाम घातलं तेव्हा ‘त्याला’ऐवजी ‘तो’ आला आणि क्रियापद कायमचं उलटलं. शेक्सपिअरच्या नाटकांत या क्रियापदाचा जुना वापरही अधूनमधून भेटतो. ‘प्लीज’ तर इंग्रजीने जुन्या फ्रेंचमधूनच उचललं, म्हणजे ते ‘प्लेर’चं भावंडच, पण ‘तुला वाटेल ते कर’ या अर्थी ‘डू अॅज यू प्लीज’ म्हणताना त्याचीही गत तीच झालेली दिसते. फ्रेंचमधून नामांचे विभक्तिप्रत्यय गेले तरी ‘आ’ होता, आणि ‘ज-म’, ‘त्यू-त’, ‘इल-ल्वी’ अशा सर्वनामांच्या जोड्या टिकल्या. त्यांनी ‘प्लेर’ला सरळ धरून ठेवलं.

आपल्याकडच्या इंग्रजी लग्नपत्रिकांच्या खालच्या कोपऱ्यात ‘आर.एस.व्ही.पी.’ छापलेलं असतं. ती चार अक्षरं ‘रेपाँदे सिल वू प्ले’ची आहेत: कृपया उत्तर द्या. त्यातलं ‘सिल वू प्ले’ म्हणजे शब्दशः ‘तुम्हाला रुचत असेल तर’. वर्गात ‘प्लेर’ शिकवताना सुरुवात इथूनच करावी, कारण हे तीन शब्द मुलांना पहिल्या दिवसापासून पाठ असतात आणि त्यांत ‘वू’ चतुर्थीत आहे हे कोणी त्यांच्या लक्षात आणून देत नाही.

मराठीचा हात धरून चालताना ठेचही लागते, आणि ती इंग्रजीवाल्याला लागत नाही अशा जागी लागते. आपल्या वाक्यात ‘मला’ हा रूपाने कर्ता नसला तरी वागण्याने बराचसा कर्ता असतो. ‘देवदत्ताला आपलं घर आवडतं’ यातलं ‘आपलं’ देवदत्ताचंच. ‘हे गाणं ऐकताना मला गाव आठवतं’ असं आपण बिनदिक्कत म्हणतो. ऐकणारा मी आहे यात कोणालाच शंका येत नाही. हेच वाक्य फ्रेंचमध्ये ‘आनेकूतां सेत शांसों, मों व्हिलाज म मांक’ असं केलं तर फ्रेंच शिक्षक लाल रेघ मारणार. फ्रेंचमध्ये ‘ऐकताना’ हे रूप मुख्य वाक्याच्या कर्त्याला चिकटतं, आणि कर्ता तर गाव आहे. म्हणजे गाणं गावाने ऐकलं. उपाय सोपा आहे. ‘ऐकताना’ मोडून ‘मी ऐकतो तेव्हा’ करायचं: ‘कां जेकूत सेत शांसों, मों व्हिलाज म मांक’. मराठीच्या भरवशावर राहणाऱ्याने चतुर्थीची वाक्यं तपासताना अशी ‘-ताना’, ‘-ऊन’ची रूपं आधी शोधावीत.

दुसरी ठेच जास्त धीट विद्यार्थ्याला लागते. त्याला वाटतं, फ्रेंचला सगळीकडे ‘मला’ चालतो. तसं नाही. भूक आणि थंडी यांच्या बाबतीत फ्रेंच अगदी कर्तरी आहे. मला भूक लागली हे ‘जे फँ’, म्हणजे माझ्यापाशी भूक आहे. थंडी वाजते हे ‘जे फ्र्वा’. आपली चतुर्थी फ्रेंचपेक्षा पुष्कळ पसरलेली आहे. फ्रेंचमध्ये ती मोजक्या क्रियापदांपुरती: हवं असण्याचं ‘इल म फो’, पुरण्याचं ‘सा म स्युफी’ आणि अशी आणखी थोडी.

खुद्द ‘मांके’ही प्रत्येक वेळी सारखं वागत नाही. गाडी चुकली हे ‘जे मांके ल त्रँ’. इथे कर्ता मी, गाडी सरळ कर्म, ‘आ’ नाही. इंग्रजीवाल्याला हे सोपं जातं आणि आपल्यालाच उलटं वाटतं, कारण मराठीत ‘माझी गाडी चुकली’ म्हणताना चुकणारी गाडी असते. वेळ कमी आहे हे ‘ज मांक द तां’. पुन्हा कर्ता मी, पण मध्ये ‘द’ आला. माणूस कर्तव्याला चुकला तर मात्र ‘आ’ येतो, ‘इल मांक आ सों द्व्हार’, आणि तिथे उणीव भासणारं कोणी नसतं. नुसता चुकार माणूस आणि त्याचं कर्तव्य. म्हणजे ‘मांके’पुढे ‘आ’ दिसला की डोळे मिटून ‘आठवतो’ असा अर्थ लावता येत नाही, ‘आ’च्या पुढे जीव आहे की कर्तव्य हे पाहावं लागतं. मराठीच्या ‘चुकणे’तही हे पदर एकत्र आहेत. गाडी चुकते, माणूस कर्तव्याला चुकतो, आणि घरातलं कोणी परगावी गेलं की घरात चुकल्याचुकल्यासारखं होतं.

राहिला अकर्तृक प्रयोग. मेट्रोच्या खिडकीपाशी चार जणांचं टोळकं उभं आहे आणि हातात एकच तिकीट आहे. मला तीन तिकिटं कमी पडतायत: ‘इल म मांक त्र्वा तिके’. मराठीत क्रियापद तिकिटांशी जुळून अनेकवचनी झालं. फ्रेंचमध्ये ‘इल’ हा नावापुरता कर्ता असतो आणि क्रियापद त्याच्यामुळे एकवचनीच राहतं, तिकिटं तीन असोत की तीनशे. वर्तमानकाळात एकवचन आणि अनेकवचन कानाला सारखंच ऐकू येतं, म्हणून बोलताना चूक झाकून जाते. भविष्यकाळात ती उघडी पडते: ‘इल म मांकरा त्र्वा तिके’ बरोबर, ‘मांकरों’ म्हटलं की चूक. ‘इल म मांक’ एवढंच वाक्य असेल तर हा ‘इल’ खराखुरा ‘तो’ असतो आणि अर्थ होतो, मला तो आठवतो. पुढे काही संख्या किंवा वस्तू आली की तो ‘इल’ पोकळ. ‘इल ल्वी मांक’मध्ये आणखी एक पेच आहे. ‘ल्वी’ म्हणजे त्याला आणि तिलाही. आठवण काढणारा पुरुष की बाई, हे मागचं-पुढचं वाचल्याशिवाय कळत नाही.

‘प्लेर’मध्ये रचनेचा घोळ कमी, प्रसंगाचा जास्त. ‘आवडणे’ आपण आंब्यापासून माणसापर्यंत सगळ्याला लावतो. फ्रेंच माणूस रोजच्या आवडीनिवडी ‘एमे’ या क्रियापदाने सांगतो, आणि तिथे कर्ता ‘मी’च असतो: ‘जेम ले मांग’, मला आंबे आवडतात. आंब्यांसाठी ‘प्लेर’ वापरलं तर वाक्य चुकत नाही, पण आंब्यांनी आपल्याला भुरळ घातल्यासारखं वाटतं. ‘प्लेर’ शोभतं ते समोर आलेल्या गोष्टीने मन खेचलं तेव्हा. सिनेमा पाहून बाहेर पडलात, भाड्याचं घर बघितलंत, भेटवस्तू उघडलीत, की ‘सा म प्ले’ किंवा ‘सा मा प्ल्यू’. मराठीत ‘आवडतं’ आणि ‘आवडलं’ यांत जो फरक आहे, ढोबळपणे तोच ‘एमे’ आणि ‘प्लेर’मध्ये धरून चालावं; नेहमीची आवड एकीकडे, या भेटीत जडलेली दुसरीकडे. माणसांच्या बाबतीत जपून. ‘त्यू म प्ले’ ऐकणाऱ्याला त्यात ओढ ऐकू येते, म्हणून ते सहकाऱ्याला सहज म्हणायचं वाक्य नव्हे.

स्वतःकडे वळवलेलं ‘प्लेर’ मात्र मराठी माणसाने अवश्य उचलावं. ‘त्यू त प्ले इसी’ हा प्रश्न इंग्रजीत नीट उतरत नाही. आपल्याकडे त्याला तयार शब्द आहे: इथे करमतं का? परगावी नोकरीला गेलेल्या पोराला आई फोनवर हेच विचारते.

लिहिताना ‘आ’ची एक शेवटची झळ बसते. ‘चुकलेल्या गाड्या’ म्हणजे ‘ले त्रँ क जे मांके’. इथे गाड्या सरळ कर्म आहेत आणि क्रियापदाच्या आधी आल्यात, म्हणून ‘मांके’ला लिहिताना अनेकवचनाचा ‘एस’ जोडतात. ‘मला आठवले ते मित्र’ म्हणजे ‘लेझामी कि मों मांके’; इथे मित्र कर्ता, मी ‘आ’च्या जागी, म्हणून ‘एस’ नाही. तसंच ‘एल स सों प्ल्यू’, त्या एकमेकींना आवडल्या: दोघी असूनही ‘प्ल्यू’ला ना स्त्रीलिंगाचं चिन्ह लागतं ना अनेकवचनाचं, कारण आवडणं एकमेकींना आहे, एकमेकींचं नाही. हे सगळं कागदावरच दिसतं, कानाला काहीच कळत नाही. त्यामुळे इथे शाळेतली फ्रेंच मुलंही चुकतात आणि मोठी झाली तरी चुकत राहतात.